वेळापत्रकाच्या स्क्रीनशॉटमधून मोकळ्या तासांची आखणी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे, कॉम्प्युटर शाखेचे वेळापत्रक आम्हाला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉटच्या रूपात मिळाले. सोमवार ते शुक्रवार असे पाच उभे रकाने, पावणेनऊपासून पावणेपाचपर्यंत तासातासाच्या सात आडव्या ओळी, मध्ये पावणेअकराची पंधरा मिनिटांची सुट्टी आणि एक ते पावणेदोन जेवणाची सुट्टी, असे त्याचे रूप होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाप्रमाणे या सत्रात थिअरीचे पाच विषय होते. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्सची मूलतत्त्वे, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हे ते पाच विषय होत. त्यांच्या जोडीला प्रॅक्टिकल्स असतात आणि तिथे वर्गाच्या चार बॅचेस पडतात. मी तिसऱ्या बॅचमध्ये होते. चिंचवडहून शिवाजीनगरपर्यंत रोज ये-जा करायची असल्यामुळे संध्याकाळी हाती उरणारा वेळ थोडा होता, आणि म्हणून कॉलेजच्या दिवसातच जे मोकळे तास पडतात त्यांचा उपयोग कसा करायचा हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरवायचे मी मनावर घेतले.

पहिले काम होते ते चित्रातला मजकूर शब्दशः आणि चौकटीशः उतरवून घेण्याचे. फोनमध्ये चित्रातून मजकूर उचलून देणारी सोय असते, ती मी वापरून पाहिली. अक्षरे बरीचशी बरोबर आली, परंतु वेळापत्रकाचा खरा अर्थ अक्षरांत नसून ती कोणत्या रकान्यात आणि कोणत्या ओळीत आहेत यात असतो, आणि नेमकी तीच गोष्ट उचललेल्या मजकुरात हरवते. दोन तासांच्या प्रॅक्टिकलसाठी दोन चौकटी एकत्र केलेल्या असतात, पण त्यांच्यातला मजकूर एकदाच लिहिलेला असतो. त्यामुळे तो एकाच तासाच्या वाट्याला येतो आणि दुसरा तास रिकामा असल्याचा भास होतो. असा भासमान मोकळा तास आखणीत शिरला, तर आपण वाचनालयात बसलेलो असू आणि प्रयोगशाळेत आपली गैरहजेरी लागत असेल. पस्तीस चौकटींचाच प्रश्न असल्यामुळे मी त्या गूगल शीट्समध्ये हाताने भरल्या. ओळींना वेळा, रकान्यांना वार, आणि प्रत्येक चौकटीत एकच संक्षेप, अशी रीत ठेवली. प्रॅक्टिकल दोन तासांचे असेल तर तो संक्षेप दोन्ही चौकटींत स्वतंत्रपणे लिहिला आणि शीटमध्ये चौकटी जोडण्याचे मुद्दाम टाळले, कारण जोडलेल्या चौकटींत मजकूर फक्त वरच्या डाव्या चौकटीत राहतो आणि बाकीच्या मोजताना रिकाम्या धरल्या जातात.

प्रॅक्टिकलच्या चौकटी वाचताना जास्त लक्ष द्यावे लागते. एकाच चौकटीत चारही बॅचेसचे वेगवेगळे काम लिहिलेले असते आणि आपल्याला त्यातली एकच ओळ हवी असते. बुधवारी अकरा ते एकच्या चौकटीत असे लिहिलेले होते:

```
S1-DSL-Lab 2
S2-OOPCGL-Lab 4
S4-DEL-Lab 1
```

प्रत्येक ओळीत आधी बॅच, मग प्रॅक्टिकलचा संक्षेप आणि शेवटी प्रयोगशाळा. इथे तिसऱ्या बॅचची, म्हणजे S3 ची, ओळच नाही. याचा अर्थ आम्हाला त्या वेळी दोन तास सलग मोकळे आहेत असा होऊ शकतो, किंवा ओळ चित्रात कापली गेली आहे असाही होऊ शकतो. अशा ठिकाणी अंदाज न करता विचारून घेणे चांगले. मी आमच्या वर्गप्रतिनिधीला, म्हणजे सीआरला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "एस थ्री बुधवारी मोकळीच आहे, पण तुला ग्रुपवरचा फोटो मिळालाय ना, त्यात खालच्या टिपा आल्याच नाहीत. मी तुला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवतो." ती फाइल आल्यावर तळाशी तीन ओळींच्या टिपा दिसल्या. एका टिपेत संक्षेपांचे अर्थ होते, दुसरीत हे वेळापत्रक कोणत्या तारखेपासून लागू आहे ते होते, आणि तिसरीत असे लिहिले होते की प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बुधवारी बारा ते एक या वेळात तिसऱ्या बॅचची मेंटॉर मीटिंग होईल. म्हणजे बुधवारचे दोन तास चारपैकी तीन आठवडे पूर्ण मोकळे आणि एका आठवड्यात निम्मे मोकळे होते. स्क्रीनशॉटवरून आखणी करताना चित्राची खालची कडा आधी पाहावी असे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते, कारण तारीख, अपवाद आणि एक आठवड्याआड होणाऱ्या गोष्टी नेहमी तिथेच लिहिलेल्या असतात.

उतरवून झाल्यावर ते बरोबर उतरले आहे की नाही हे पडताळण्याची एक सोपी युक्ती आहे. कोणत्या विषयाला आठवड्याला किती तास मिळतात हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत दिलेले असते. आमच्या पाचही थिअरी विषयांना प्रत्येकी ३ तास होते. प्रॅक्टिकलमध्ये डेटा स्ट्रक्चर्सला ४, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि ग्राफिक्सला मिळून ४, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सला २ आणि बिझनेस कम्युनिकेशनला २ तास होते, आणि शिवाय एका तासाचे एक ट्युटोरियल होते. सगळे मिळून २८ तास झाले. शीटमधल्या चौकटी ३५, तेव्हा रिकाम्या चौकटी बरोबर ७ निघायला हव्यात. ही मोजणी शीटच करून देते:

```
=COUNTIF(B2:F8,"DM")
=COUNTBLANK(B2:F8)
```

पहिल्या सूत्रात DM, म्हणजे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या जागी एकेक संक्षेप घालून प्रत्येक विषयाचे तास मोजायचे आणि दुसऱ्याने रिकाम्या चौकटी मोजायच्या. एखाद्या प्रॅक्टिकलचे तास निम्मे आले तर जोडलेली चौकट अर्धीच उतरली आहे हे लगेच कळते. आमच्या वेळापत्रकात आणखी एक खाचखळगा होता. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या थिअरीचा संक्षेप DELD आणि प्रॅक्टिकलचा DEL असा होता, आणि आक्रसलेल्या चित्रात शेवटचा D चौकटीच्या रेषेला चिकटून जवळजवळ दिसेनासा होत होता. वरचे सूत्र चौकटीतला पूर्ण शब्द जुळवून पाहते, त्यामुळे हे दोन संक्षेप मोजणीत एकमेकांत मिसळत नाहीत. DEL चे ३ आणि DELD चे २ असा आकडा आला असता, तर कुठला तरी थिअरीचा तास प्रॅक्टिकल म्हणून वाचला गेला आहे हे तिथेच उघड झाले असते. विषयांचे आकडे ३, ३, ३, ३, ३ असे आणि रिकाम्या चौकटींचा आकडा ७ असा आल्याशिवाय मी पुढच्या पायरीला हात घातला नाही.

या सात रिकाम्या चौकटी म्हणजे सात मोकळे तास असे मात्र समजू नये. त्या कुठे आहेत ते पाहावे लागते. मंगळवारी बारा ते एक, बुधवारी अकरा ते एक आणि शुक्रवारी पावणेदोन ते पावणेतीन, असे चार तास दोन कामांच्या मध्ये सापडलेले होते. उरलेल्या तिन्ही चौकटी दिवसाच्या टोकाला होत्या. बुधवारी आणि गुरुवारी शेवटचा तास रिकामा होता, म्हणजे त्या दिवशी पावणेचारलाच सुटका होत होती, आणि गुरुवारी पहिला तास रिकामा होता, म्हणजे कॉलेज पावणेदहाला सुरू होत होते. टोकाचे तास आणि मधले तास हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

मधल्या तासातली साठ मिनिटे कधीच आपल्या हाती लागत नाहीत. शिक्षक दोन-तीन मिनिटे उशिरा वर्ग सोडतात, चौथ्या मजल्यावरून उतरून वाचनालयाच्या इमारतीत जायचे, बाहेरच्या मांडणीत बॅग ठेवायची, ओळखपत्र दाखवून आत शिरायचे, जागा शोधायची, यात दहा मिनिटे जातात, आणि परत निघायला पाच मिनिटे हाताशी ठेवावी लागतात. म्हणून एका मोकळ्या तासाची मी ४५ मिनिटे धरली. बुधवारच्या दोन सलग तासांत जाण्यायेण्याचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे मध्ये पाच मिनिटे पाय मोकळे करायला धरूनही पन्नास-पन्नास मिनिटांच्या दोन बैठका मिळतात. सगळ्याची बेरीज १९० मिनिटे झाली, म्हणजे आठवड्याला तीन तासांहून थोडा जास्त वेळ. हा आकडा लहान वाटतो खरा, पण तो खरा आकडा आहे, आणि सात तास हाती आहेत असे मानून केलेली आखणी पहिल्याच आठवड्यात कोसळली असती.

आता प्रश्न असा की या १९० मिनिटांत कोणता विषय घ्यायचा. माझ्या ओळखीतले बहुतेक जण सर्वांत कठीण विषय मोकळ्या तासांत टाकतात आणि मलाही आधी तोच विचार सुचला होता. माझ्यासाठी कठीण विषय डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स होता. परंतु त्यातली सिद्धता मांडायला घेतली की पहिली वीस मिनिटे नुसती प्रश्नाभोवती फिरण्यात जातात. गणिती विगमनाचे एखादे उदाहरण घ्या. पायाची पायरी सोपी असते, पण k साठी खरे मानलेले विधान k + 1 च्या विधानात नेमके कुठे बसवायचे हे दिसायला वेळ लागतो, आणि ते दिसू लागते न लागते तोच घंटा होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत पहिल्यापासून सोडवावा लागतो. म्हणून मी निराळा नियम ठरवला. मोकळ्या तासात काय करायचे हे त्याच्या लगेच आधी काय झाले आणि लगेच पुढे काय होणार आहे यावरून ठरवायचे, आणि गणिताला घरचा लांब, अखंड वेळ द्यायचा. आधीच्या तासात शिकवलेले डोक्यात ताजे असते, वही उघडीच असते, शंका मनात असतात आणि शिक्षकही आवारातच असतात. पुढच्या तासाला प्रॅक्टिकल असेल, तर त्याची तयारी तेव्हाच केलेली सर्वांत उपयोगी पडते.

मंगळवारी अकरा ते बारा डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा तास होता आणि बारा ते एक मोकळा होता. सत्राच्या सुरुवातीला त्या विषयात के-मॅप, म्हणजे तर्कसमीकरण सोपे करायच्या चौकटी, चालू होते, म्हणून त्या चौकटीत मी 'आज शिकवलेल्या प्रकारचे दोन के-मॅप' असे लिहिले. चार चलांचा के-मॅप म्हणजे सोळा घरे. त्यात १ हे आकडे भरायचे, डोंट केअरची घरे खुणावायची, आठचे, चारचे आणि दोनचे गट करायचे, समीकरण लिहायचे आणि ते मूळ सत्यता सारणीशी ताडून पाहायचे, याला एका उदाहरणामागे वीस मिनिटे लागतात. दोन उदाहरणे ४५ मिनिटांत नीट बसतात. गट चुकला आहे की नाही हे ताडून पाहतानाच कळते. चारही कोपऱ्यांची घरे एकमेकांना लागून आहेत हे विसरले गेले तर उत्तर चुकत नाही, पण समीकरणात पदे किंवा अक्षरे जास्त येतात, आणि ती जास्तीची अक्षरे हीच खूण असते. हे काम कागदावरचे आहे, त्याला लॅपटॉप लागत नाही आणि मध्येच उठावे लागले तरी अर्धा सोडवलेला के-मॅप पुढे नेता येतो. मोकळ्या तासासाठी असेच काम निवडावे, असे माझे मत झाले.

बुधवारचे दोन तास हे आखणीतले सर्वांत मोलाचे होते. त्यांच्या आधीचा तास डेटा स्ट्रक्चर्सचा होता आणि जेवणानंतर पावणेदोनला ग्राफिक्सचे प्रॅक्टिकल होते. पहिल्या बैठकीत, म्हणजे अकरा दहा ते बारा, डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकवलेली पद्धत कागदावर हाताने चालवून पाहायची. उदाहरणार्थ, विरळ मॅट्रिक्सचे फास्ट ट्रान्सपोज शिकवले असेल तर सहा-सात शून्येतर घटकांचे मॅट्रिक्स घेऊन प्रत्येक रकान्यात किती घटक आहेत ती सारणी करायची, त्यावरून प्रत्येक रकान्याची सुरुवातीची जागा काढायची आणि मग एकेक घटक त्याच्या जागी नेऊन बसवायचा. कोड वाचताना जे समजल्यासारखे वाटते ते इथे खरोखर समजले आहे की नाही याची परीक्षा होते. दुसऱ्या बैठकीत, बारा पाच ते बारा पंचावन्न, दुपारच्या प्रॅक्टिकलची तयारी करायची. त्रिकोणात वर्तुळ काढण्याचे असाइनमेंट असेल तर आलेख कागदावर त्रिकोणाचे बिंदू आधी ठरवून ठेवायचे आणि ब्रेसनहॅमच्या पद्धतीची पहिली काही मूल्ये हाताने काढून ठेवायची. वर्तुळाची त्रिज्या १० घेतली तर निर्णयाच्या चलाची पहिली किंमत

```
d = 3 - 2r = 3 - 20 = -17
```

अशी येते. ही किंमत आणि पुढच्या चार-पाच किमती वहीत लिहिलेल्या असल्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर पडद्यावर वर्तुळाऐवजी भलताच आकार आला तर चूक सुरुवातीच्या किमतीत आहे की पुढच्या सूत्रात, हे पाच मिनिटांत सापडते. ज्यांनी ही तयारी केलेली नसते त्यांचा प्रॅक्टिकलचा पहिला तास बिंदू कुठे ठेवायचे हे ठरवण्यातच जातो. महिन्याच्या पहिल्या बुधवारी मेंटॉर मीटिंगमुळे दुसरी बैठक मिळणार नव्हती, म्हणून त्या आठवड्यापुरती डेटा स्ट्रक्चर्सची बैठक सोडून प्रॅक्टिकलची तयारीच पहिल्या तासात करायची असे मी आधीच लिहून ठेवले, कारण डेटा स्ट्रक्चर्स नंतर करता येते, पण दुपारचे प्रॅक्टिकल थांबत नाही.

शुक्रवारचा मोकळा तास जेवणानंतरचा होता आणि त्याच्यापुढे बिझनेस कम्युनिकेशनचे दोन तास होते. जेवण झाल्यावर ती वेळ अभ्यासाला जड जाते, आणि आधीच्या व पुढच्या कामाकडे पाहायचे म्हटले तर जेवणाची सुट्टीच मध्ये येत होती. तेव्हा लक्षात आले की अकरा ते एक ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे प्रॅक्टिकल आहे, त्यानंतर पावणेतीनपर्यंत सुट्टी आणि मोकळा तास मिळून सलग पावणेदोन तास आहेत, आणि त्यांचा क्रम आपल्या हातात आहे. मी त्यांची अदलाबदल केली. एकला प्रॅक्टिकल सुटले की तिथूनच रिकाम्या वर्गात जाऊन पावणेदोनपर्यंत जर्नलमधला राइट-अप पूर्ण करायचा आणि त्यानंतर डबा खायचा. कोड नुकताच चालवलेला असतो, कोणती चूक आली आणि ती कशी गेली हे आठवत असते, त्यामुळे जो राइट-अप रविवारी दीड तास खातो तो इथे पाऊण तासात होतो. पावणेदोनला कॅन्टीनमधली गर्दीही ओसरलेली असते. मैत्रिणींबरोबर जेवता येणार नाही ही एक अडचण होती, पण आमच्या बॅचच्या दोघींना हा क्रम पटला आणि आम्ही तिघीही एकत्रच लिहायला बसू लागलो.

टोकाच्या तासांचा हिशेब याच्या उलट निघाला. गुरुवारी कॉलेज पावणेदहाला सुरू होत असल्यामुळे घरून एक तास उशिरा निघता येत होते, म्हणजे पावणेआठ ते पावणेनऊ हा पूर्ण साठ मिनिटांचा तास घरीच मिळत होता. त्यात जाण्यायेण्याचा खर्च नाही, शिवाय लॅपटॉप आणि चार्जर हाताशी. वाचनालयातल्या रीडिंग हॉलमध्ये प्लगच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे प्रोग्रॅमिंगचा सराव मी मधल्या तासांत ठेवलाच नव्हता. तो इथे आला, आणि त्याच दिवशी दुपारी त्या विषयाचे लेक्चर असल्यामुळे आदल्या लेक्चरमधले प्रोग्रॅम चालवून पाहायला ही जागा योग्यच होती. गुरुवारी पावणेचारला सुटून घरी पाचपर्यंत पोचता येत होते. तेव्हा साडेपाच ते सात गणित, आणि शनिवारी सकाळी आठ ते दहा परत गणित, अशी त्या विषयाची साडेतीन तासांची सोय झाली. मधले तास इतर विषयांनी उचलल्यामुळेच या दोन लांब बैठका मोकळ्या राहिल्या होत्या. सोमवारी सातही तास भरलेले होते, म्हणून सोमवार संध्याकाळ मी कोरी ठेवली.

बुधवारचा शेवटचा रिकामा तास, पावणेचार ते पावणेपाच, मी कोणत्याही विषयाला दिला नाही, आणि आखणीतला हा निर्णय मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेळापत्रकात मोकळा दिसणारा तास प्रत्यक्षात मोकळा राहीलच असे नसते. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचे लेक्चर लोड अॅडजस्टमेंटमध्ये दुसऱ्या दिवशीच्या मोकळ्या तासात येते, कधी कार्यक्रम असतो, कधी अवघड युनिटसाठी जादा लेक्चर ठेवतात. अशा वेळी बुडालेले काम रात्री घरी ढकलले की गणिताची बैठक मोडते आणि सगळी आखणी विस्कटते. त्यामुळे बुडालेले काम फक्त बुधवारच्या या तासात करायचे, आणि त्यात बसले नाही तर त्या आठवड्यापुरते सोडून द्यायचे, असा नियम केला. ज्या आठवड्यात काही बुडाले नसेल त्या आठवड्यात तो तास खरोखरच मोकळा, लवकर घरी जायचा.

आखणी तयार झाल्यावर ती शीटमध्ये पडून राहू नये म्हणून मी ती फोनच्या कॅलेंडरमध्ये भरली. लेक्चरचे तास त्यात घातले नाहीत, ते तर सगळा वर्ग मिळून पाळतोच. फक्त मोकळ्या तासांच्या नोंदी केल्या, दर आठवड्याला पुन्हा येणाऱ्या, दहा मिनिटे आधी सूचना देणाऱ्या. नोंदीच्या नावात विषय न लिहिता काम आणि जागा लिहिली, म्हणजे 'डिजिटल' असे न लिहिता 'दोन के-मॅप, रीडिंग हॉल, चौकटीची वही' असे लिहिले. नुसते विषयाचे नाव वाचले की काय करायचे हे ठरवण्यात पाच-सात मिनिटे जातात, आणि ४५ मिनिटांत तेवढी उधळपट्टी परवडत नाही. वहीचे नाव लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की आदल्या रात्री उद्याच्या नोंदी पाहूनच बॅग भरता येते. आलेख कागद घरी राहिला तर बुधवारची दुसरी बैठक वाया जाते हे बॅग भरतानाच ध्यानात येते.

आखणी चालते आहे की नाही हे पाहण्यासाठी मी त्याच शीटमध्ये प्रत्येक मोकळ्या तासापुढे पूर्ण, अर्धे किंवा शून्य अशी एक खूण करत गेले. ती करायला दिवसाला अर्धे मिनिट पुरते. काही आठवड्यांच्या खुणा एकाखाली एक पाहिल्यावर मंगळवारचा आणि शुक्रवारचा रकाना जवळजवळ पूर्ण भरलेला दिसला, पण बुधवारच्या दुसऱ्या बैठकीपुढे सारखे अर्धे असे येत होते. कारण शोधले तेव्हा दिसले की पहिल्या बैठकीतले डेटा स्ट्रक्चर्सचे उदाहरण मोठे निवडले जात होते आणि ते संपवण्याच्या नादात सव्वाबारा होत होते. उदाहरण दहा-बारा घटकांचे असायचे ते सहा-सात घटकांचे केले, आणि बारा वाजता उदाहरण अपुरे असले तरी वही मिटायची असे ठरवले. सतत अर्धे राहणारी चौकट ही बहुधा कामाचा आकार चुकल्याची खूण असते, आणि सतत शून्य राहणारी चौकट ही जागा किंवा वेळ चुकल्याची. या दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे खुणाही वेगवेगळ्या ठेवाव्यात.

सत्राच्या मध्ये होणारी इनसेम परीक्षा ३० गुणांची आणि पहिल्या दोन युनिट्सवर होती, तर सत्राअखेरची एंडसेम ७० गुणांची आणि उरलेल्या चार युनिट्सवर. त्यामुळे इनसेमच्या आधीच्या पंधरवड्यात मी मोकळ्या तासांतले काम बदलले. त्या दिवशी शिकवलेल्या भागाऐवजी पहिल्या दोन युनिट्समधले जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न घेतले, मात्र प्रत्येक तासाला विषय तोच ठेवला, म्हणजे मंगळवारी डिजिटलचे आणि बुधवारी डेटा स्ट्रक्चर्सचेच प्रश्न. फक्त बुधवारची प्रॅक्टिकलची तयारी आणि शुक्रवारचा राइट-अप यांना हात लावला नाही, कारण प्रॅक्टिकल्स परीक्षेच्या आठवड्यापर्यंत चालूच असतात आणि साठलेली जर्नल्स शेवटी सबमिशनच्या वेळी फार महागात पडतात.

इनसेमनंतर सुधारित वेळापत्रक आले, तेही स्क्रीनशॉटमध्येच. या वेळी मी आधी तळाची तारीख पाहिली, मूळ फाइल मागवून घेतली, आणि जुन्या शीटची प्रत काढून तिच्यात फक्त बदललेल्या चौकटी भरल्या. मोजणीची सूत्रे तशीच होती, त्यामुळे २८ आणि ७ हे आकडे पुन्हा जुळले आहेत हे लगेच दिसले. मंगळवारचा डिजिटलचा तास ग्राफिक्सशी अदलाबदल होऊन गेला होता, तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या पुढच्या मोकळ्या तासातले के-मॅप जाऊन तिथे ग्राफिक्सची उदाहरणे आली, आणि डिजिटलचा सराव बुधवारच्या पहिल्या बैठकीत डेटा स्ट्रक्चर्सबरोबर एका आठवड्याआड वाटून घ्यावा लागला. कॅलेंडरमधल्या जुन्या नोंदींना सुधारित वेळापत्रक लागू होण्याच्या आदल्या दिवसाची शेवटची तारीख दिली आणि नव्या नोंदींना सत्रातल्या शिकवण्याच्या शेवटच्या दिवसाची.